वाढत्या मुलाची वाढती मात्रा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एक गृहस्थ आपल्या साडेतेरा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलाला नवव्या वर्षापासून मधुमेह होता. त्याचे खरे नाव सांगत नाही. आपण त्याला दिनू म्हणू. वडिलांनी पिशवीतून एक वही काढली आणि टेबलावर ठेवली. वहीत रोजची साखर आणि रोजच्या सुईची मात्रा नीट लिहिलेली होती.

ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सव्वीसाची सुई होती, तिची तीस झाली. तरी साखर हटत नाही. आता तिसाच्या वर मी जाणार नाही. सुई वाढतेय म्हणजे रोगच वाढतोय की! नाहीतर हा पोरगा चोरून गोड खातो. तुम्हीच विचारा त्याला."

दिनू खाली मान घालून बसला होता. त्याने एवढेच म्हटले, "मी काही खात नाही."

आजच्या भाषणात मला एवढेच सांगायचे आहे, की दिनू खरे बोलत होता. तो खरे बोलतो हे आम्ही कशावरून ओळखले, आणि त्याची मात्रा पुढे का वाढवली व नंतर का उतरवली, ते आता ऐका.

प्रथम या रोगाविषयी दोन शब्द. प्रौढ माणसांना होणारा मधुमेह आपल्या ओळखीचा आहे. लहान मुलांना बहुधा होतो तो वेगळा. त्याला पहिल्या प्रकारचा मधुमेह म्हणतात. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. तिच्यातल्या ज्या पेशी इन्सुलिन तयार करतात, त्या शरीराच्याच रोगप्रतिकारक शक्तीकडून चुकून नष्ट होतात. गोड खाल्ल्याने हा रोग होत नाही, आणि गोळ्यांनी किंवा कारल्याच्या रसाने तो जात नाही. इन्सुलिन बाहेरून, सुईनेच द्यावे लागते, आणि रोज द्यावे लागते.

इन्सुलिन करते काय? बागायतदार मंडळींना हे लगेच समजेल. पाटाला पाणी असते, पण ते आपोआप वाफ्यात जात नाही. कोणीतरी दारे धरावे लागते. रक्तातली साखर म्हणजे पाटाचे पाणी, आणि इन्सुलिन म्हणजे दारे धरणारा गडी. गडी नसला तर पाट तुडुंब भरून वाहतो आणि वाफे मात्र कोरडे राहतात. म्हणूनच उपचार न झालेल्या मुलाच्या रक्तात साखर भरपूर असते, आणि मूल मात्र वाळत जाते.

जगात इन्सुलिनची पहिली सुई जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातल्या टोरांटो शहरी दिली गेली. ज्याला दिली तो लेनर्ड टॉम्सन नावाचा मुलगा १४ वर्षांचा होता, आणि त्याचे वजन होते सुमारे २९ किलो. चौदा वर्षांचा मुलगा आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलाएवढे वजन! इन्सुलिनवाचून मूल नुसते आजारी पडत नाही, त्याची वाढही खुंटते. हे ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा विषय वाढीचाच आहे.

आता दिनूकडे वळू. बाराव्या वर्षी त्याचे वजन ३२ किलो होते आणि दिवसाची एकूण मात्रा २६ युनिट. म्हणजे किलोमागे सुमारे पाऊण युनिट, किंचित जास्तच. वयात येण्याआधीच्या मुलांना साधारण एवढेच लागते. माझ्याकडे आला तेव्हा त्याचे वजन ३८ किलो होते आणि मात्रा ३० युनिट. हिशेब करून पाहा: किलोमागे प्रमाण तेच पडते. वडिलांनी वजनाबरोबर मात्रा वाढवत आणली होती; त्यांचे काही चुकले नव्हते. तरीसुद्धा रोज सकाळी उठल्यावर साखर २५० च्या पुढे. सकाळी ती साधारण ७० ते १४५ च्या दरम्यान असावी अशी आमची अपेक्षा असते.

मग बिघडले कुठे? ते सांगितले त्याच्या शाळेतल्या गुरुजींनी. शाळेत मुलांची उंची मोजून नोंदवण्याची रीत होती, आणि गुरुजींनी ती नोंद वडिलांबरोबर पाठवली होती. एका वर्षात दिनू ९ सेंटिमीटर वाढला होता. आवाज घोगरा झाला होता, ओठांवर मिसरूड दिसू लागली होती. दिनू वयात येत होता.

मुलगी साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी आणि मुलगा तेराव्या-चौदाव्या वर्षी झपाट्याने उंच होतो. कोणी वर्षभर आधी, कोणी नंतर. या काळात मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी ग्रंथी वाढीचा रस, म्हणजे ग्रोथ हार्मोन, भरपूर सोडते. हाडे लांबवणारा हाच रस इन्सुलिनच्या कामात मात्र आडवा येतो. पुन्हा वाफ्याकडे चला. जमीन एकाएकी कठीण झाली, दारे फोडायला जड जाऊ लागली, तर जो गडी एकटा सगळा वाफा भिजवायचा, त्याच्याने अर्धाच भिजेल. गडी कामचुकार झालेला नसतो. काम वाढलेले असते, म्हणून जोडीला दुसरा गडी द्यावा लागतो.

आणि हे केवळ मधुमेही मुलांतच घडते असे समजू नका. तुमच्या-माझ्या घरातल्या प्रत्येक मुलाच्या शरीरात या वयात इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. निरोगी मुलाचे स्वादुपिंड गुपचूप जास्त इन्सुलिन सोडते आणि वेळ निभावून नेते. आईबापांना पत्ताही लागत नाही. दिनूचे स्वादुपिंड ते करू शकत नाही. म्हणून जी वाढ इतर मुलांच्या पोटात होते, ती दिनूच्या वहीत आकड्यांनी दिसते. रोग वाढला असा त्याचा अर्थ नाही.

मधुमेही मुलांत यात आणखी एक भर पडते. आपले स्वतःचे इन्सुलिन स्वादुपिंडातून निघते ते आधी यकृताकडे जाते. सुईचे इन्सुलिन कातडीखालून सगळीकडे पसरते आणि यकृताला त्या मानाने थोडे मिळते. यकृताला इन्सुलिन कमी पडले, की "पुरे झाला आता वाढीचा रस" असा निरोप मेंदूकडच्या ग्रंथीला पोहोचवणारा पदार्थ तिथे कमी तयार होतो. निरोप पोचला नाही म्हणजे ग्रंथी रस सोडतच राहते आणि जमीन आणखी कठीण होते. सुईची मात्रा मुद्दाम आखडून धरली तर हे चक्र अधिकच जोराने फिरते.

म्हणूनच या वयात किलोमागे सव्वा युनिट, दीड युनिट, आणि एखाद्याला तर दोन युनिटपर्यंतही इन्सुलिन लागते. पाऊण युनिटाची सवय झालेल्या बापाला हा आकडा ऐकून धक्का बसतो, हे मी समजू शकतो.

पण श्रोतेहो, साखर वाढली की "वयात आलाय" म्हणून मात्रा चढवत सुटायचे, असेही नाही. आधी दुसरी कारणे तपासून पाहावी लागतात. दिनूच्या बाबतीत आम्ही तीन गोष्टी पाहिल्या.

पहिली, सुई टोचण्याची जागा. पुष्कळ मुले रोज एकाच ठिकाणी टोचतात, कारण तिथे दुखत नाही. तिथे कातडीखाली मऊ गाठ बनते आणि तिच्यातून इन्सुलिन कधी मुरते, कधी मुरत नाही. हात फिरवला की गाठ कळते. दिनूच्या पोटावर, मांडीवर गाठी नव्हत्या.

दुसरी, औषधाची बाटली. उन्हात किंवा चुलीजवळ राहिलेले इन्सुलिन निकामी होते, आणि बर्फ झालेलेही निकामी होते. दिनूच्या घरी शीतकपाट नव्हते. त्याची आई मातीच्या एका मडक्यात वाळू घाली, ती ओली ठेवी, आणि तिच्यात दुसरे लहान मडके बसवून त्यात बाटली ठेवी. ही रीत उत्तम आहे. सिरिंजही पाहिली. आपल्याकडे एका मिलिलिटरात ४० युनिटांची बाटली मिळते आणि १०० युनिटांचीही मिळते. चाळिसाच्या बाटलीला चाळिसाचीच सिरिंज पाहिजे. अदलाबदल झाली तर मात्रा अडीचपट चुकते. इथेही सगळे बरोबर होते.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक. मुलगा सुई चुकवतो का? या वयात मुले चुकवतात, हे नाकारून चालणार नाही. पण त्याची परीक्षा दरडावून होत नाही. वही आणि बाटली न बोलता सांगतात. सुई चुकवणाऱ्या मुलाची साखर आज १३०, उद्या ४००, परवा १८० अशी उड्या मारते, आणि बाटली मात्र पुरायच्या त्यापेक्षा जास्त दिवस पुरते. दिनूची साखर रोज, आणि रोज त्याच वेळी चढत होती, आणि बाटली अगदी हिशेबाने संपत होती. चोरून खाणाऱ्याचीही साखर अशी शिस्तीने पहाटे चढत नाही.

हे मी त्याच्यासमोरच वडिलांना सांगितले. त्यांनी मुलाकडे पाहिले, आणि मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

पहाटे चढते असे मी म्हणालो. ते कसे कळले? त्यासाठी सलग तीन रात्री तीनदा साखर पाहायला सांगितली: झोपताना, पहाटे तीनला आणि उठल्यावर. आकडे असे आले: झोपताना १६०, तीनला १७५, सहाला २६०. म्हणजे रात्रीच्या जेवणाची सुई पुरी पडत होती. चढ होता तो तीन ते सहाच्या दरम्यान. वाढीचा रस मुख्यतः झोपेत, लाटालाटांनी सुटतो. त्याचा परिणाम पहाटेच्या साखरेवर उमटतो. झोपतानाच साखर २५० असती तर दोष रात्रीच्या जेवणाच्या सुईकडे गेला असता. आणि तीन वाजता ती ७० च्या खाली गेलेली असती, तर रात्रीची मात्रा वाढवणे धोक्याचे ठरले असते. उलट ती कमी करावी लागली असती. म्हणून तीन वाजताचा आकडा पाहिल्यावाचून रात्रीची मात्रा वाढवू नये. झोपमोड होते खरी, पण तिला इलाज नाही.

दिनूला दोन प्रकारचे इन्सुलिन होते. रात्री एकदा, दिवसभर सावकाश काम करणारे, १४ युनिट. आणि तिन्ही जेवणांच्या अर्धा तास आधी लवकर काम करणारे, मिळून १६ युनिट. आधी रात्रीचे १४ चे १६ केले आणि तीन दिवस थांबलो. एका वेळी दहा-पंधरा टक्क्यांहून फार जास्त वाढवायचे नाही आणि दोन-तीन दिवस पाहिल्याखेरीज पुढचे पाऊल टाकायचे नाही, असा आमचा नियम. सकाळची साखर २३५ झाली. मग १८ केले; २०५ झाली. मग २० आणि २२. बाविसाला सकाळची साखर १४० वर आली आणि तीन वाजताची ११० राहिली.

मग जेवणाच्या सुया पाहिल्या. सकाळच्या सुईचा हिशेब दुपारच्या जेवणाआधीच्या साखरेवरून करायचा, दुपारच्या सुईचा रात्रीच्या जेवणाआधीच्या साखरेवरून, आणि रात्रीच्या सुईचा झोपतानाच्या साखरेवरून. दिनूला भूकही आता दुणावली होती. दोन भाकरींच्या चार झाल्या होत्या. ती भूक खरी होती, तिला नाही म्हणायचे नव्हते. चार महिन्यांत त्याची मात्रा रात्री २४ आणि जेवणांच्या मिळून २८, अशी एकूण ५२ युनिट झाली. वजन तोवर ४१ किलो झाले होते. किलोमागे सव्वा युनिटाच्या किंचित वर.

या काळात वडील पुन्हा एकदा आले ते खर्चाची काळजी घेऊन. "साहेब, जेवणाची बाटली पूर्वी महिनाभर जायची. आता पंधरवड्यात संपते." त्यांचे बरोबर होते. चाळिसाच्या दहा मिलिलिटर बाटलीत ४०० युनिट असतात. रोज १६ लागत तेव्हा ती पंचवीस दिवस पुरे. रोज २८ लागू लागली तेव्हा दोनच आठवडे पुरणार. बाटली संपत आली म्हणून मात्रा कमी करणे हा मात्र उपाय नव्हे. आधीच जवळजवळ दुप्पट औषधाची सोय करावी लागते, आणि सरकारी दवाखान्यातून मिळणार असेल तर नवी मात्रा तिथल्या कागदावर लिहून घ्यावी लागते. जुन्या कागदावर जुनेच औषध मिळते.

मात्रा वाढवली नसती तर काय झाले असते? दिनू शाळेत पहिल्याच तासाला पेंगे, दर तासाला पाणी प्यायला आणि लघवीला उठे. त्याचे वजन शेवटच्या दोन महिन्यांत एक किलोने उतरले होते. आणखी काही आठवडे तसेच गेले असते, तर रक्तात आम्ल साठण्याची भीती होती. त्याची लक्षणे ऐकून ठेवा: पोटात दुखणे, उलट्या, खोल आणि जोरजोराचा श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. अशा वेळी "पोरगा जेवला नाही, आज सुई नको" असे घरची माणसे म्हणतात. तीच मोठी चूक होते. सुई पूर्ण बंद करायची नाही, आणि मुलाला ताबडतोब दवाखान्यात न्यायचे.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट अधिक आहे. पाळी सुरू झाल्यावर काही मुलींची साखर पाळीच्या आधीचे काही दिवस चढते आणि पाळी आली की उतरते. सगळ्याच मुलींचे असे होत नाही. आईने वहीत पाळीच्या तारखेला एक खूण करावी. तीन-चार महिन्यांच्या खुणा शेजारी शेजारी दिसल्या, म्हणजे आपल्या मुलीचे तसे होते की नाही हे कळते, आणि त्या दिवसांपुरती मात्रा डॉक्टरांना विचारून बदलता येते.

शिक्षक बंधुभगिनींना आता एक विनंती. मात्रा वाढलेल्या मुलाला दुसरा धोका असतो तो साखर एकाएकी उतरण्याचा. जमीन रोज सारखी कठीण नसते. ज्या दिवशी कबड्डीचा सामना रंगला, किंवा सुई घेतली आणि जेवायला उशीर झाला, त्या दिवशी तीच मात्रा जास्त होते. मूल घामाने थबथबते, हात थरथरतात, उगीच चिडते किंवा विचारलेल्याचे भलतेच उत्तर देते. तो उद्धटपणा नसतो. त्याला जागेवरच बसवून तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून पाजा, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा, आणि एकट्याला घरी पाठवू नका. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर निजवा आणि दवाखान्यात न्या. आणि खेळाच्या दिवशी घरी निरोप पाठवा, कारण त्याची साखर त्या रात्रीही उतरू शकते.

आता शेवटचा भाग. तो बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. मात्रा चढते तशी ती उतरतेही. वाढ पुरी होत आली, की वाढीचा रस ओसरतो आणि जमीन पुन्हा भुसभुशीत होते. दिनू सतरा वर्षांचा होता होता त्याच्या वहीत नवीनच आकडे दिसू लागले. काही कारण नसताना पहाटे ६५, दुपारी ६०. खाणे तेच, काम तेच. गेले वर्षभर उंची हललेली नव्हती. इथे जुन्याच मात्रेला चिकटून राहिले, तर साखर वारंवार उतरते, ती सावरायला मूल सारखे खात राहते आणि वजन वाढते. म्हणून पुन्हा तशाच लहान लहान पावलांनी आम्ही खाली उतरलो. आता त्याचे वजन ५८ किलो आहे आणि मात्रा ४६ युनिट. किलोमागे हिशेब केलात तर बाराव्या वर्षाच्याच ठिकाणी तो परत आला आहे.

परवा वडील एकटेच आले होते, कागदावर नवी मात्रा लिहून घ्यायला. मी विचारले, "काय, आता किती?" तर म्हणाले, "ते दिनूला विचारा. आता तोच वही लिहितो, आणि पहाटे तीनचा गजरही तोच लावतो. मी नुसता बाटल्या आणतो."